बरोबरीचा दुसरा क्रमांक

वार्षिक निकालाच्या दिवसांत वर्गशिक्षक गुणनोंदवहीचा मोबाइलवर फोटो काढतात आणि घरी बसून निकालपत्रक भरतात. काम सोयीचे आहे, पण गुणानुक्रम लावण्याआधी आकडे पक्के करणे भाग आहे.

सातवीचा एक वर्ग घेऊ: सहा विषय, एकूण ६०० गुण. वरच्या चौघांच्या बेरजा ४९१, ४८३, ४८३ आणि ४७८. ४८३ मिळवणाऱ्या एका मुलीचे गुण ७८, ८४, ८१, ७९, ७१ आणि ९० आहेत. फोटोत हस्ताक्षरातला १ आणि ९ सारखेच दिसतात. ७१ चे ७९ वाचले की बेरीज ४९१ होते आणि पहिल्या क्रमांकासाठी खोटीच बरोबरी उभी राहते. वहीतल्या ‘एकूण’ रकान्यात मात्र ४८३ असते. हा ८ चा फरक दिसताच १ आणि ९ असलेले आकडे मूळ वहीत पाहावेत. सलग अनेक मुलांच्या बेरजा चुकत असतील, तर तिरप्या फोटोत ओळ सरकली आहे. ‘गैरहजर’च्या जागी शून्य भरलेले नाही ना, तेही याच वेळी तपासावे.

आता खरी बरोबरी. दोघींचे ४८३ असतील, तर दोघीही दुसऱ्या आणि ४७८ वाला चौथा, कारण त्याच्यापुढे तिघे आहेत. एक्सेलमध्ये बेरजा H रकान्यात असतील, तर हे सूत्र तेच करते:

```
=RANK.EQ(H2,$H$2:$H$41,0)
```

उतरत्या क्रमाने यादी लावून हाताने १, २, ३, ४ लिहीत गेले, तर हजेरी क्रमांक मागे असलेली मुलगी विनाकारण तिसरी होते. हा त्या मुलीवर अन्याय आहे.

श्रेणीची अडचण वेगळी आहे. छापील तक्त्यात ७१ ते ८० ला ब-१ आणि ८१ ते ९० ला अ-२. विषयाचे गुण पूर्णांकात असल्याने तिथे प्रश्न येत नाही. पण ४८३ म्हणजे ८०.५ टक्के, आणि तक्त्यात ८० आणि ८१ च्या मध्ये काहीच नाही. जवळच्या पूर्णांकात घेतले तर ८१, म्हणजे अ-२. न घेता खालची मर्यादा शोधणारे सूत्र लावले तर ब-१. आमच्या मते पूर्णांकात घेण्याचा नियम शाळेने आधीच लेखी ठरवावा आणि तो सगळ्या तुकड्यांना सारखा लावावा.

हे पूर्णांकन श्रेणीपुरतेच ठेवावे. क्रमांकासाठी ते वापरले, तर ४८५ आणि ४८३ दोन्ही ८१ टक्के होतात आणि दोन गुणांनी पुढे असलेले मूल मागच्याच्या बरोबरीला येते. क्रमांक मूळ बेरजेवरूनच लावावा. बक्षिसे तीनच असतील, तर या वर्गात ती पहिल्या मुलाला आणि दोघी दुसऱ्यांना जातील. तिसरा क्रमांक रिकामा राहील.