लिमिटेशन्सचा कॉलम: खरी कबुली की रीतसर पूजा?

एआयचा कुठलाही नवा पेपर उघडा, शेवटी ‘लिमिटेशन्स’ नावाचा भाग असतोच. एसीएल, ईएमएनएलपी यांसारख्या परिषदांनी २०२२-२३ पासून तो सक्तीचा केला आहे. पानांच्या मर्यादेत तो मोजत नाहीत, पण तो नसेल तर पेपर परत येऊ शकतो. सक्ती आली की जे होतं तेच इथे झालं. बरेच लेखक हा भाग सत्यनारायणाच्या पोथीसारखा उरकतात: ‘आम्ही मोजक्याच भाषा तपासल्या, मोठं मॉडेल चालवायला साधनं नव्हती, पुढे आणखी डेटा गोळा करू.’ यातलं काहीच खोटं नसतं, पण त्याने पेपरातला एकही आकडा हलत नाही.

माझी कसोटी एवढीच आहे. सांगितलेली मर्यादा खरी मानली, तर पेपरातलं कुठलं तक्तं किंवा सारांशातलं कुठलं वाक्य बदलावं लागेल? याचं उत्तर सापडलं तर ती कबुली. नाही सापडलं तर ती रीत.

उदाहरण म्हणून ओपनएआयचा व्हिस्परचा पेपर घेऊ. बोललेलं ऐकून लिहून काढणारं हे मॉडेल २०२२ मध्ये आलं, आणि मराठी सबटायटल करणाऱ्या अनेक साधनांच्या पोटात आजही तेच आहे. तब्बल ६,८०,००० तासांच्या आवाजावर ते शिकवलं गेलं. आपल्या विषयासाठी हा पेपर मुद्दाम निवडला, कारण त्यात कबुली, रीत आणि मौन असे तिन्ही प्रकार सापडतात.

आधी कबुली. भाषांतराच्या निकालांमध्ये वेल्श भाषा विचित्र दिसत होती. तिच्या नावावर ९,००० तासांचा डेटा, आणि गुण मात्र अगदी कमी. लेखकांनी डेटा उघडून पाहिला तेव्हा कळलं, की त्यातला बहुतांश आवाज वेल्श नव्हताच. तो इंग्रजी होता, आणि भाषा ओळखणाऱ्या यंत्रणेने त्यावर चुकून वेल्शचा शिक्का मारला होता. हे त्यांनी आकड्यासकट लिहिलं. वाचणाऱ्याला लगेच कळतं की वेल्शचे तास धरायचे नाहीत, आणि इतर छोट्या भाषांच्या तासांकडेही जरा संशयाने पाहायचं. गंमत म्हणजे ही कबुली लिमिटेशन्सच्या भागात नाहीच, ती निकालांच्या चर्चेत आहे. प्रामाणिक मर्यादा बहुतेक वेळा अशीच, ज्या आकड्याला ती बाधते त्याच्या शेजारी बसलेली असते.

शेवटच्या भागात काय आहे? आमचा डेटा इंग्रजीकडे झुकलेला आहे, बहुतेक भाषांना १,००० तासांपेक्षा कमी डेटा मिळाला, तो वाढवला तर सुधारणा होईल. हे खरं आहे आणि उपयोगीही आहे. पण त्याची घडण पाहा: उणीव सांगितली, की लगेच पुढचं काम. अशा वाक्यात मर्यादा ही उद्याची कामाची यादी होते, आजच्या निकालावरची शंका होत नाही.

आता मौन, आणि इथे आपला थेट संबंध येतो. मॉडेल किती चुकलं हे ‘वर्ड एरर रेट’ने मोजतात, म्हणजे शंभर शब्दांमागे साधारण किती शब्द चुकले. मोजण्याआधी दोन्ही मजकूर ‘नॉर्मलाइज’ करतात, म्हणजे स्वल्पविराम, पूर्णविराम असल्या किरकोळ फरकांसाठी मॉडेलला शिक्षा होऊ नये. इंग्रजी सोडून बाकी भाषांसाठी व्हिस्परचा नियम असा आहे: युनिकोडमध्ये ज्या चिन्हाचा वर्ग M, S किंवा P ने सुरू होतो, त्याच्या जागी रिकामी जागा टाका. P म्हणजे विरामचिन्हं, S म्हणजे रुपयासारखी चिन्हं. आणि M म्हणजे अक्षराला चिकटणारी चिन्हं. फ्रेंचमधली टोपीवाली अक्षरं यातून सुटतात, कारण त्याआधीच्या पायरीत ती एकसंध अक्षरं होतात. देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त मात्र सगळेच्या सगळे M मध्ये येतात.

स्वतः करून पाहा, पायथॉनच्या चार ओळी आहेत:

```python
import unicodedata as u
for s in ["मुलगी आली", "मुलगा आला"]:
    s = u.normalize("NFKC", s)
    print("".join(" " if u.category(c)[0] in "MSP" else c for c in s))
```

दोन्ही वेळा छापून येतं ‘म लग आल’ (मधल्या जास्तीच्या जागा सोडून). म्हणजे बोलणारा म्हणाला ‘मुलगी आली’, मॉडेलने लिहिलं ‘मुलगा आला’, दोनपैकी दोन शब्द चुकले, आणि मोजणी सांगते चूक शून्य! दुसरा परिणाम आणखी छुपा आहे. ‘गाडी’च्या जागी ‘गादी’ आलं तर एकातला एक शब्द चुकला, म्हणजे १०० टक्के. पण नियमानंतर एका शब्दाचे ‘ग’ आणि ‘ड’ असे दोन तुकडे होतात, त्यातला एकच चुकतो, आणि आकडा ५० टक्क्यांवर येतो. दोन्ही परिणाम मॉडेलच्याच फायद्याचे आहेत.

हे लपवलं होतं का? नाही. नियम परिशिष्टात स्वच्छ छापलेला आहे. तिथे लेखक असंही म्हणतात, की हा उपाय परिपूर्ण नाही आणि कधी कधी अनपेक्षित मजकूर देईल. हीच ती रीत. ‘कधी कधी’ म्हणजे केव्हा, कुठल्या लिपीत, आकडा कुठल्या बाजूला झुकतो, यातलं काहीच नाही. मुख्य म्हणजे इंग्रजीच्या नॉर्मलायझरवर त्यांनी स्वतःच शंका घेतली. तो आपल्याच मॉडेलला धार्जिणा आहे का, हे दुसऱ्यांनी केलेल्या नॉर्मलायझरशी ताडून पाहिलं, आणि त्यावर स्वतंत्र भाग लिहिला. म्हणजे धोका कळलेला होता. बाकी भाषांसाठी ती तपासणी पेपरात नाही. काव्या मनोहर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये यावर पेपर लिहिला आणि दाखवलं, की या पद्धतीने भारतीय भाषांचे आकडे कृत्रिमरीत्या चांगले दिसतात.

माझ्या वाचनात सगळ्यात जास्त गायब असते ती हीच जात: मोजपट्टीची मर्यादा. डेटा कमी पडला, मॉडेल छोटं होतं, हे सांगायला कोणी लाजत नाही, कारण त्यात दोष परिस्थितीचा असतो. मोजपट्टी मात्र लेखकांनी निवडलेली असते. दुसरी गायब जात तुलनेची. आपलं मॉडेल किती वेळा जुळवून पाहिलं, आणि ज्याला हरवलं त्याला तितकीच संधी दिली का? ‘आम्ही वीस वेळा प्रयत्न केला, जुन्या मॉडेलला एकदाच चालवलं’ असं वाक्य मी लिमिटेशन्समध्ये शोधत असतो.

लेखकांची बाजूही समजते. परीक्षकाच्या हातात आपणच काठी का द्यावी? परिषदा परीक्षकांना बजावतात, की प्रामाणिक कबुलीसाठी गुण कापू नका. तरी भीती जात नाही, आणि मग निरुपद्रवी मर्यादा पुढे केली जाते.

म्हणून पुढच्या वेळी ‘मराठीसाठी एरर रेट इतक्या टक्क्यांनी घटला’ अशी बातमी दिसली, तर लिमिटेशन्सच्या आधी मोजणीचा कोड उघडा. त्यात BasicTextNormalizer दिसला, तर हीच वरची पायरी तिथे आहे. विरामचिन्हं काढा, मात्रा ठेवा, आणि आकडा पुन्हा काढा. लेखकांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले असतील, तर तुमचं काम त्यांनीच केलेलं आहे.