कळवळा भरपूर, पण गाव कुठलं?

बारावीचा निकाल लागला की हडपसर, मांजरी, फुरसुंगी या पट्ट्यात दाखल्यांची धावपळ सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका हे कागद ठरलेले. पण काही खासगी शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठे आणखी एक कागद मागतात, तो म्हणजे विद्यार्थ्याचे स्वतःविषयीचे निवेदन. घरची परिस्थिती काय आणि हाच अभ्यासक्रम का, हे त्याने आपल्या शब्दांत सांगायचे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, तेव्हापासून हे पान मोबाईलवर दोन मिनिटांत तयार मिळते. त्यामुळे अर्ज वाचणारा आता सावध झाला आहे. तयार मालाचा वास आला की तो अर्ज बाजूला ठेवतो, मग पोरगं खरंच गरजू का असेना.

हा वास कशाचा येतो, ते पाहण्यासाठी नमुना म्हणून रचलेला हा उतारा वाचा. "माझे वडील कष्टाळू शेतकरी आहेत. लहानपणापासून मी त्यांचा संघर्ष जवळून पाहिला. अनेक अडचणी आल्या, पण आम्ही हार मानली नाही. या प्रवासाने मला जिद्द, चिकाटी आणि संवेदनशीलता शिकवली. शिक्षण हीच परिवर्तनाची गुरुकिल्ली आहे, हे मला उमगले."

व्याकरणात खोट नाही. पण जमीन किती, पीक कोणते, अडचण कुठल्या साली आली, याचा पत्ता नाही. संघर्ष, अडचणी, प्रवास हे तीन शब्द घडलेल्या गोष्टीच्या जागी बसवले आहेत. भावना आहे, पण ती कशामुळे आली ते नाही. शेवटचे वाक्य तर शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखे. एक सोपी कसोटी लावा. हाच मजकूर फुरसुंगीऐवजी जतच्या किंवा धडगावच्या मुलीच्या नावावर घाला. एक शब्दही बदलावा लागत नाही.

आता तीच मुलगी स्वतः लिहायला बसली, तर कदाचित असे लिहील. "आमची दीड एकर जमीन फुरसुंगीत. कचरा डेपोमुळे विहिरीचं पाणी पिता येईना. टँकर यायचा त्या दिवशी माझा पहिला तास बुडायचा. कॉलेजात पाण्याचा कठीणपणा मोजायचा प्रयोग होता, तेव्हा मी आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत नेलं. आकडा आला, पण पाण्यात नेमकं काय मिसळलंय ते त्यावरून कळलं नाही. ते शोधायला शिकायचंय, म्हणून पर्यावरण विज्ञान."

भाषा ओबडधोबड आहे, शेवटी तात्पर्यही नाही. उलट एक प्रश्न तसाच राहिलाय. पण अभ्यासक्रम का निवडला, हे त्या बाटलीवरून समजते. शिवाय दीड एकर, टँकर, प्रयोग, यातले प्रत्येक विचारून पडताळता येते.

मात्र इथे वाचणाऱ्यानेही घाई करू नये. गोलगोल लिहिणे हा यंत्राचा शोध नव्हे. आपल्याकडे गाईडमधले निबंध पाठ करूनच पिढ्या पास झाल्या. इंग्लंडात विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज स्वीकारणाऱ्या यूकास संस्थेने २००७ मध्ये पन्नास हजार निवेदने तपासली. त्यांत २३४ जणांनी लहानपणी रसायनांच्या खेळात पायजमा जाळल्याचा एकच किस्सा लिहिलेला सापडला. तेव्हा चॅटजीपीटी नव्हते. म्हणजे सपाट मजकुरावरून एवढेच कळते, की पोराने स्वतःचे सांगितलेले नाही. कोणी लिहिले ते कळत नाही.

तपासणाऱ्या यंत्रावरही विसंबता येत नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचेच असे साधन जुलै २०२३ मध्ये बंद केले, कारण ते पुरेसे अचूक नव्हते. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध या साधनांनी सरासरी यंत्राचे ठरवले. कारण शब्द साधे आणि मोजके असले की ही साधने फसतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे इंग्रजी नेमके तसेच असते.

म्हणून शंका आली तर शिक्का न मारता पोराला समोर बसवावे, निदान फोन करावा. "अडचण आली म्हणता, ती कुठल्या वर्षी? तेव्हा शेतात काय होतं? त्या दिवशी तुम्ही काय केलं?" स्वतःचे जगलेला मुलगा अडखळत का होईना, कागदावर नसलेलेही सांगतो. दुसऱ्याचे उतरवलेला पुन्हा जिद्द आणि चिकाटीवरच येतो. निवेदनातली जमीन सातबाऱ्याशी आणि कमाई उत्पन्नाच्या दाखल्याशी जुळते का, तेही पाहावे.

घरच्यांनीही अर्ज भरण्याआधी हेच प्रश्न पोरांना मराठीत विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून घ्यायला लावावीत. मोबाईलची मदत घ्यायची तर आधी त्या शिष्यवृत्तीचा नियम वाचावा. भाषा सुधारून घेतली, तरी वहीतली एकर, साल, पीक ही माहिती अर्जात शाबूत आहे का ते तपासावे. वही जपून ठेवावी. मुलाखतीत शंका निघाली तर ती दाखवता येते.