मागच्या रांगेकडे पाहा

सभेचा फोटो खरा की एआयने बनवलेला, हे मी पहिल्या रांगेवरून ठरवत नाही. स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे मॉडेल १०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र आधी १२८ चौकटींच्या रुंदीत रचते. पुढच्या ३२० पिक्सेलांच्या चेहऱ्याला रुंदीत ४० चौकटी मिळतात, मागच्या २४ पिक्सेलांच्या चेहऱ्याला फक्त ३. तेवढ्यात डोळे, नाक, ओठ मावत नाहीत, चेहरा वितळतो. आपली नजर मात्र पुढेच अडकते. म्हणून फोटो पुढे पाठवण्याआधी मोठा करून मागची रांग पाहा. कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा धूसर असला तरी डोळे सहसा जागेवर असतात. बनावट चित्रात डोळा गालात मिसळतो. पण मागचे चेहरे स्वच्छ आहेत, एवढ्यावरून फोटो खरा मानू नये. ते नंतर दुरुस्तही करता येतात.