नेटवर्किंग चालू आहे म्हणजे नक्की काय चालू आहे?

नोकरी शोधणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, "काय चाललंय?" उत्तर ठरलेलं असतं: "नेटवर्किंग चालू आहे." मग पुढचा प्रश्न विचारा. किती जणांना लिहिलंस? किती जणांनी उत्तर दिलं? किती जण प्रत्यक्ष बोलले? आणि कंपनीच्या पोर्टलवर तुझं नाव किती जणांनी टाकलं? इथे शांतता पसरते. हेच महाशय ऑफिसात सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम मिलिसेकंदात मोजतात, बरं का!

या शांततेच्या मागे दोन पंथ आहेत आणि मला दोन्हींशी भांडायचं आहे.

पहिला पंथ म्हणतो, "अरे, नाती काय मोजायची असतात?" ऐकायला फार गोड. पण मी हातकणंगल्याचा. आमच्याकडे लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. कोणी किती आहेर केला ते नावानिशी, गावानिशी लिहून घेतो. ती वही पंधरा-वीस वर्षं ट्रंकेत जपून ठेवतात आणि त्या घरी कार्य निघालं की बाहेर काढतात. त्यामुळे आमची नाती कोरडी झाली असं काही मला दिसलं नाही. उलट कोणाचं देणं राहिलंय हे लक्षात राहतं. तेव्हा नाती मोजत नाहीत हे मला सांगू नका. न मोजण्याचा खरा फायदा एकच: आपलं काही चालत नाहीये हे कळत नाही.

दुसरा पंथ मोजतो, पण भलतंच. लिंक्डइनवर पाचशेच्या वर कनेक्शन्स, पोस्टला किती लाइक, प्रोफाइल किती जणांनी पाहिलं. हे म्हणजे मांडवात किती माणसं जेवून गेली ते मोजून आहेर किती जमला ते सांगण्यासारखं आहे.

मोजायच्या गोष्टी तीनच आहेत. उत्तरं, भेटी आणि रेफरल. पण आकडे लिहायला लागण्याआधी प्रत्येकाची व्याख्या पक्की करायला हवी, नाहीतर उत्साहाच्या भरात माणूस स्वतःलाच फसवतो.

उत्तर म्हणजे समोरच्या माणसाने, मेसेज गेल्यापासून चौदा दिवसांत, आपल्या प्रश्नाला लिहिलेलं काहीतरी. नुसता अंगठा म्हणजे उत्तर नव्हे. भेट म्हणजे फोनवर किंवा समोरासमोर प्रत्यक्ष झालेलं बोलणं. ठरलेली भेट वेगळ्या रकान्यात लिहा, कारण ठरलेल्या आणि झालेल्या भेटींत बऱ्यापैकी गळती असते. आणि रेफरल म्हणजे त्या माणसाने कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर, एका ठराविक जॉब आयडीसमोर तुमचं नाव टाकलं, आणि सहसा तुम्हाला त्याची मेल आली. "सीव्ही पाठवून ठेव, बघतो" हे रेफरल नाही. ते आपल्याकडचं "या एकदा घरी" आहे.

आता एक खरी वही उघडूया. माझा मामेभाऊ हातकणंगल्यात राहतो, कोल्हापुरात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो, रोज मिरज-कोल्हापूर लाइनवरच्या गाडीने जा-ये. तीन वर्षांचा अनुभव, पुण्यात यायचंय. बारा आठवडे त्याने एका साध्या शीटमध्ये सगळं लिहिलं: तारीख, माणूस कुठल्या गटातला, उत्तर, भेट, रेफरल आणि लागलेली मिनिटं. मधे एकदा मला फोनवर म्हणाला, "दादा, शंभरात तीस जण रिप्लाय देतात की! जोरात चाललंय." एकूण आकडे बघितले तर खोटं नव्हतं. 104 मेसेज, 33 उत्तरं, 10 भेटी, 4 रेफरल.

पण मग आम्ही तेच आकडे गटानुसार वेगळे केले. पहिला गट अनोळखी लोकांचा, म्हणजे एचआरवाले आणि सर्च करून सापडलेले मॅनेजर. 80 मेसेज, 20 उत्तरं, 2 भेटी, रेफरल शून्य. दुसरा गट अर्धवट ओळखीच्यांचा: कॉलेजातले दोन-तीन वर्षं पुढचे सीनियर, जुन्या टीममधून पुण्याला गेलेले सहकारी, इचलकरंजी-हुपरीकडचे एखाद-दुसऱ्या वेळी भेटलेले लोक. 24 मेसेज, 13 उत्तरं, 8 भेटी, 4 रेफरल. चारच्या चार इथूनच!

आणि पहिल्या गटातली ती 20 उत्तरं काय होती माहितीये? त्यातली 15 म्हणजे "आमच्या साइटवर अप्लाय करा". सभ्य भाषेतला नकार. व्याख्येनुसार ते उत्तरच आहे, म्हणून उत्तरांचं प्रमाण छान 25 टक्के दिसतं आणि माणूस आणखी 80 मेसेज टाकायला उत्साहाने बसतो. एकटा रिप्लाय रेट बघण्यात हाच धोका आहे. पुढच्या पायरीवर त्याचं काय झालं हे शेजारी लिहिलेलं नसेल तर तो आकडा नुसता मनाला बरा वाटतो.

मिनिटांचा रकानाही बघा. अनोळखी गटावर भेटी धरून साधारण आठ तास गेले, हातात शून्य. ओळखीच्या गटात प्रत्येक मेसेज विचार करून लिहावा लागला, म्हणून बारा तास गेले, पण एका रेफरलमागे तीन तास पडले. चारपैकी दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झाले आणि एकीकडून ऑफर आली. (एका ऑफरवरून सिद्धांत मांडायचा नसतो, म्हणून तिच्याबद्दल इथेच थांबतो.)

"अर्धवट ओळखीचे लोकच कामाला येतात" हे तुम्ही आधी ऐकलं असेल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा प्रसिद्ध निबंध आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या 54 जणांपैकी 16.7 टक्क्यांची त्या माणसाशी वारंवार, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा, भेट होत होती. 55.6 टक्के अधूनमधून भेटायचे आणि 27.8 टक्के वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. हे आकडे लोक सर्रास फेकतात. पण नीट बघा, यात छेद नाही! नोकरी कोणाकडून मिळाली ते कळतं. किती जणांना विचारलं होतं ते कळत नाही. आपले अर्धवट ओळखीचे लोक मुळातच जिवलगांपेक्षा कितीतरी जास्त असतात, मग वाटाही जास्त दिसणारच. मामेभावाच्या शीटमध्ये मात्र छेद आहे: 24 पैकी 4 आणि 80 पैकी 0. वही ठेवायची ती यासाठी. 2022 मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांवरचा प्रयोग सायन्स मासिकात आला, त्यातही मध्यम-कच्च्या ओळखी सर्वात उपयोगी ठरल्या; अगदी पुसट ओळखी तेवढ्या नाहीत. आमच्या छोट्या शीटमधलं चित्र त्याच्याशी विसंगत नाही, इतकंच म्हणतो.

कारण आता मोजणाऱ्यांचे कान उपटायचेत. मधल्या काळात साहेबांनी दोन मजकूर करून पाहिले. पहिला 20 जणांना, 5 उत्तरं. दुसरा 20 जणांना, 3 उत्तरं. "पहिला मजकूर भारी!" असा निष्कर्ष. समजा दोन्ही मजकूर अगदी सारखे आहेत आणि प्रत्येकाला उत्तर यायची शक्यता 20 टक्केच आहे. तरी निव्वळ योगायोगाने दोन किंवा जास्त उत्तरांचा फरक किती वेळा पडेल? चालवून बघा:

```
import random
def replies():
    return sum(random.random() < 0.2 for _ in range(20))
N = 10000
print(sum(abs(replies() - replies()) >= 2 for _ in range(N)) / N)
```

उत्तर 0.55 च्या आसपास येतं. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा! या फरकावरून मजकूर निवडणं आणि नाणं उडवणं यात काही अंतर नाही. शून्याचंही तसंच. n प्रयत्नांत एकदाही यश आलं नाही, तर खरं प्रमाण ढोबळमानाने 3/n पर्यंत असू शकतं. 20 पैकी शून्य म्हणजे खरं प्रमाण 15 टक्केही असेल. तिथे हात झटकून उठायचं नसतं. 80 पैकी शून्य म्हणजे फार तर चारेक टक्के. आता वेळ दुसरीकडे घालवावा की नाही हे ठरवता येतं.

आणखी एक गफलत: गेल्या दोन आठवड्यांतले मेसेज टक्केवारीत धरू नका. त्यांना उत्तर यायची मुदत अजून संपलेली नाही. ते धरले की दर सोमवारी प्रमाण घसरल्यासारखं दिसतं आणि माणूस उगाच हिरमुसतो.

मग या वहीचं करायचं काय? दर चार आठवड्यांनी बसून गळती कुठे आहे ते बघायचं. उत्तरंच येत नसतील तर यादी चुकतेय, किंवा मेसेज कोणालाही चालेल असा आहे. उत्तरं येतात पण बोलणं होत नाही, तर तुम्ही काय मागताय तेच समोरच्याला कळत नाहीये. "मार्गदर्शन हवंय" ऐवजी "गुरुवारी रात्री पंधरा मिनिटं, तुमच्या टीममधल्या ऑटोमेशनबद्दल" असं मागा. बोलणं छान होतं पण रेफरल नाही, तर तुम्ही जॉब आयडी समोर ठेवून थेट विचारत नाही, किंवा ती जागा तुमच्यासाठी नाही. दुसरी शक्यता पचायला जड आहे, पण ती कळण्यासाठीच भेटी मोजायच्या.

आणि टक्केवारी वाढवायच्या नादाला लागू नका. रिप्लाय रेट 100 टक्के करणं सोपं आहे, फक्त मित्रांनाच मेसेज करा :) रेफरल मात्र तिथेच राहतील जिथे होते.

शीटला शेवटी एक रकाना वाढवा: आपण कोणासाठी काय केलं. आहेराची वही घेणाऱ्यानेच परत करण्यासाठी ठेवलेली असते. ज्या चौघांनी पोर्टलवर नाव टाकलं त्यांना निकाल काय लागला हे कळवणं, ही त्यातली पहिली नोंद. मामेभावाने चौघांनाही कळवलं. त्यातल्या एकाने आता उलटा निरोप पाठवलाय, त्याच्या धाकट्या भावाचा सीव्ही जोडून. नवीन ओळ सुरू झाली.

असो. रविवार आहे, शीट बनवायला दहा मिनिटं लागतात.