सरांना काय आठवावं?

अंबाजोगाईत बी.ए. केलेला विद्यार्थी परदेशी विद्यापीठात संज्ञापनाच्या एम.ए.साठी अर्ज करतो, तेव्हा सरांना बहुधा एवढंच लिहितो: ‘सर, चांगलं शिफारसपत्र द्यावं, ही विनंती.’ मग सर लिहितात, ‘हुशार, मेहनती, नम्र’. हे तर अख्ख्या वर्गाला लागू पडतं. त्यापेक्षा असं लिहावं: ‘सर, तिसऱ्या वर्षी मी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर प्रकल्प केला होता. पहिला मसुदा तुम्ही परत दिलात, कारण त्यात नुसते मुकादमच बोलत होते. मग मी फडावर जाऊन बायकांच्या मुलाखती घेतल्या. पत्रात याविषयी लिहाल का?’ सोबत अभ्यासक्रमाचं नाव, शेवटची तारीख, गुणपत्रक आणि आपल्या निवेदनाचा मसुदा जोडावा, तेही महिनाभर आधी. पत्र बहुतेकदा सरांनाच लिंकवरून पाठवावं लागतं आणि पुष्कळ विद्यापीठं त्यासाठी महाविद्यालयाचा ईमेल मागतात. सरांकडे नुसतं जीमेल असेल, तर चालेल का, हे विद्यापीठाला आधीच विचारावं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असं सर म्हणाले, तर पत्र न लिहिता वरच्यासारखी टिपणंच हाती द्यावीत. निवेदन आणि शिफारसपत्र एकाच हातचं असलं, की निवड करणाऱ्यांना ते भाषेवरून कळू शकतं.