‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याला उत्तर

कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाला उपचार सुरू होण्याच्या आधीच भेटायला येणाऱ्यांकडून सल्ले मिळू लागतात, आणि त्या सर्वांचा सूर बहुधा एकच असतो, तो म्हणजे मन घट्ट ठेवा, पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार मनाचाच असतो. बोलणाऱ्याच्या पोटात माया असते याविषयी शंका नाही. परंतु भीती, दुःख किंवा राग व्यक्त करायला जागाच न ठेवता सतत प्रसन्न राहण्याची जी अपेक्षा लादली जाते, आणि जिला हल्ली ‘टॉक्सिक पॉझिटिव्हिटी’ म्हणजे सक्तीची सकारात्मकता असे म्हणतात, तिची सुरुवात नेमकी अशाच मायेच्या शब्दांतून होते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी रुग्णांच्या मनःस्थितीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, आणि २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या अपेक्षेला सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हटले. शब्द कठोर आहे, पण तो योग्यच आहे, कारण प्रसन्न राहिल्याने आजार बरा होतो असे एकदा मानले की आजार बळावल्यास दोष आपोआप रुग्णाच्या मनाकडे जातो, आणि शरीराने आधीच थकलेल्या माणसाला आपण पुरेसे खंबीर राहिलो नाही हा अपराधभावही वाहावा लागतो. या समजुतीची तपासणी जेम्स कॉयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची उपचारांच्या प्रारंभीची भावनिक स्थिती आणि ते किती काळ जगले याची नोंद ताडून पाहिली असता, २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत या दोहोंत काहीही संबंध आढळला नाही. मन बरे असेल तर दिवस अधिक सुसह्य होतात, हे खरेच आहे. परंतु रडल्याने गाठ वाढते असे रुग्णाला वाटू देणे हा अन्याय आहे.

भावना दडपल्याने ती ओसरते, हेही खरे नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांच्या १९९७च्या प्रयोगात दुःखद चित्रफीत पाहताना चेहऱ्यावर काहीही दिसू न देणाऱ्या स्त्रियांना दुःख इतरांएवढेच वाटले. उलट त्यांच्या हृदयावरचा व रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला.

मग उत्तर काय द्यावे? येथे हॉलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मांडलेले एक साधे साधन उपयोगी पडते. ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ या नावाच्या कागदावर शून्य ते दहा अशी उभी पट्टी असते, तिच्यावर रुग्ण गेल्या आठवड्यातील मनस्तापाचा आकडा नोंदवतो, आणि सोबतच्या यादीत त्याचे कारण शारीरिक, भावनिक, कौटुंबिक की पैशांसारखे व्यावहारिक आहे यावर खूण करतो. नातेवाइकांना कागद दाखवण्याची गरज नाही. पण किती आणि कशामुळे, ही त्यामागची रीत बोलण्यात आणता येते. समजा, स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपीच्या दोन फेऱ्या झालेली स्त्री आहे, तोंडात फोड आले आहेत, आणि तिसऱ्या फेरीआधीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी कमी आल्या तर फेरी पुढे ढकलली जाईल, ही धास्ती तिला आहे. अशा वेळी नणंद म्हणते, “अगं, तू पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होणार.” त्यावर “हो, बरी आहे” म्हटले की विषय संपतो आणि ती एकटी पडते, चिडून उत्तर दिले तर माणूस दुखावतो. त्याऐवजी ती म्हणू शकते, “ताई, तुम्ही काळजीपोटी म्हणता ते कळतं मला. पण आज मनाचा त्रास दहात सात आहे. सोमवारच्या रिपोर्टची भीती वाटतेय. धीर नका देऊ, नुसत्या बसा जवळ, आणि सोमवारी माझ्याबरोबर चला.”

या उत्तरातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण सल्ला देणारे बहुधा आपली असहायता लपवण्यासाठीच सल्ला देत असतात, आणि करण्याजोगे निश्चित काम हाती मिळाले की त्यांनाही सुटल्यासारखे वाटते. अर्थात प्रत्येकाला एवढे सांगणे बंधनकारक नाही; जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला “आज बरं नाही वाटत, पण आत्ता त्यावर बोलायला नको” एवढे उत्तर प्रामाणिक आणि पुरेसे आहे. जो माणूस पुन्हा पुन्हा ऐकूनही विषय बदलतो, त्याच्यापुढे मन उघडण्याचा हट्टही धरू नये.

घरच्यांनी ऐकून घेतले तरी काही वेळा तेवढ्याने भागत नाही. थर्मामीटरवरील आकडा चार किंवा त्याहून अधिक आला तर रुग्णाच्या मनःस्थितीची पुढील तपासणी करावी, असा रुग्णालयांतील प्रघात आहे; आणि झोप, जेवण व जगण्याची इच्छा सुमारे दोन आठवडे हरवलेली राहिली, तर हा आकडा नातेवाइकांऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच, मळमळ आणि ताप सांगतात तितक्याच स्पष्टपणे, सांगितला पाहिजे; जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही न थांबता, त्याच दिवशी.