सोन्याचं ‘भाडं’ कुणाला परवडतं?

“मामू, सोनं नुसतं पडून कशाला ठेवायचं? त्याचं महिन्याला भाडं घ्या.” नगरच्या कापड बाजारात चहा पिताना भाचा सांगत होता. बहिणीच्या निकाहसाठी त्यानं गोल्ड फंडात साधारण २० ग्रॅम सोन्याइतके पैसे ठेवलेत. एका क्लासमध्ये त्याला ‘कव्हर्ड कॉल’ शिकवला गेला, तोही सुरक्षित म्हणून. या ‘सुरक्षित’ शब्दालाच माझा आक्षेप आहे.

सोपे आकडे धरू. भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये आणि तुमच्याकडे १०० ग्रॅम सोनं, म्हणजे १० लाख. ९५,००० चा पुट विकत घेतलात, प्रीमियम १० ग्रॅमला १,०००, एकूण १०,०००. मुदतीला भाव ८०,००० वर आला तर पुट नसताना दोन लाख गेले असते. पुटमुळे ५०,००० आणि प्रीमियम, असे ६०,०००च जातात. हा विमा आहे. भाव पडला नाही तर १०,००० गेले.

आता उलटं. १,०५,००० चा कॉल विकून १०,००० मिळवले. भाव १,२०,००० झाला तर दोन लाखांऐवजी ६०,०००च हाती येतात. भाव ८०,००० झाला तर १,९०,००० जातात. म्हणजे वरची कमाई विकली आणि खालचा खड्डा जवळपास तसाच राहिला. याला संरक्षण कसं म्हणायचं?

हे झालं १०० ग्रॅमवाल्याचं. भाच्याचं दुखणं वेगळं आहे. अमेरिकेत गोल्ड फंडाच्या युनिटवरच ऑप्शन मिळतात, क्लासमधला धडा तिथलाच. आपल्याकडे ऑप्शन एमसीएक्सवर, सोन्याच्या वायद्यावर असतात आणि गोल्ड मिनीचा लॉट १०० ग्रॅमचा. २० ग्रॅमवर तो कॉल विकला तर ८० ग्रॅम उघडे. भाव १,२०,००० झाला की कॉलमध्ये प्रीमियम वजा जाता १,४०,००० चा तोटा, फंडात नफा फक्त ४०,०००. सोनं महाग झालं आणि सोनंवाला एक लाखानं बुडाला! शिवाय मार्जिन वाढलं की ते लगेच भरावं लागतं. ब्रोकर काही फंडातला कागदी नफा पाहून थांबत नाही.

पुट घेतला तरी २० ग्रॅमसाठी १०० ग्रॅमचा विमा होतो, तोही १०,००० रुपये देऊन. दोन लाखांच्या सोन्यावर हा पाच टक्के खर्च झाला, एका मुदतीचा. हा विमा नाही, भाव पडण्यावर लावलेली पैज आहे.

मी भाच्याला एवढंच विचारलं, “निकाह कधी?” म्हणाला, “चार महिन्यांनी.” मग लागणारी रक्कम आजच फंडातून काढून बँकेत ठेव. भाव पडण्याची भीती घालवायचा छोट्या माणसाचा स्वस्त मार्ग हाच आहे, आणि तो कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत, कारण त्यावर फी लावता येत नाही.